घटक ५ : एका गोषवाऱ्याची तीन रूपे – ‘शिरपामाळ’ या स्थलनामावरील लेखाच्या आधारे

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• एकाच लेखाचा दीर्घ, मध्यम आणि लघू गोषवारा शब्दमर्यादेत तयार करणे.
• शब्द कमी करताना काय आधी सोडावे आणि काय शेवटपर्यंत राखावे, हे ठरविणे.
• तिन्ही रूपांतील दाव्याचे वजन सारखे राहिले आहे की नाही, हे तपासणे.
• मराठी मजकुरातील शब्द आणि चिन्हे मोजताना होणाऱ्या चुका टाळणे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण संशोधनलेखाची रचना पाहिली. लेखाच्या आरंभी त्याचा थोडक्यात आशय दिलेला असतो. काही नियतकालिके त्याला ‘सारांश’ म्हणतात, काही ‘गोषवारा’. या घटकात आपण ‘गोषवारा’ ही संज्ञा वापरू.

गोषवारा किती शब्दांचा असावा, याचा सर्वमान्य नियम नाही. इंग्रजीतील काही प्रसिद्ध नियतकालिके पाहिली तरी हे लक्षात येते. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ १०० शब्दांची मर्यादा घालते, ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ २०० शब्दांची, तर ‘प्लॉस वन’ ३०० शब्दांची. ‘आर्काइव्ह’ हा प्रसिद्धिपूर्व लेखांचा संग्रह शब्दांऐवजी चिन्हे मोजतो आणि १९२० चिन्हांपर्यंतच मजकूर स्वीकारतो. मराठीतही चर्चासत्राची पुस्तिका, विद्यापीठीय नियतकालिक आणि लघुप्रबंध यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तोच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठविणे हे संशोधनाच्या नीतीला धरून नाही. तरीही एका लेखाचे अनेक गोषवारे लागतात. लेख आधी चर्चासत्रात वाचला जातो, मग एका नियतकालिकाकडे जातो, तेथून परत आल्यास दुसरीकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी मर्यादा बदलते. अशा वेळी बहुतेक लेखक पहिल्या गोषवाऱ्याची चार-सहा वाक्ये खोडून तो ‘बसवतात’. वाक्ये खोडल्याने आकार कमी होतो. परंतु त्याबरोबर अर्थही नकळत बदलू शकतो. तो कसा बदलतो आणि तो बदलू न देता आकार कसा कमी करावा, हा या घटकाचा विषय आहे.

५.२ उदाहरणाची पार्श्वभूमी

पालघर जिल्ह्यातील जव्हार शहराजवळ शिरपामाळ नावाचे स्थळ आहे. शिवाजी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून जात असताना येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून या माळाला शिरपामाळ हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या नेतृत्वाखालील फौजेने जव्हार जिंकून घेतले आणि विक्रमशहांना राज्य सोडून मोगल हद्दीत जावे लागले. म्हणजे परंपरेतील सत्कारानंतर आठच वर्षांनी या दोन सत्तांमध्ये उघड संघर्ष झाला.

समजा, या स्थलनामावर आपण एक लेख लिहिला आहे. हा लेख आपल्या अभ्यासासाठी कल्पिलेला आहे. त्यातील स्थळ, परंपरा, शब्दकोश आणि इतिहासातील घटना मात्र वास्तव आहेत. लेखाचा युक्तिवाद असा : ‘शिरपेच’ म्हणजे पागोट्यावरचा अलंकार आणि ‘शिरपाव’ म्हणजे सन्मानाने दिलेले वस्त्र. दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. परंपरा ‘शिरपेच’ सांगते. परंतु ‘शिरपा’ या रूपाला ‘शिरपाव’ हा शब्द जवळचा आहे. शिवाय ‘श्रीपती’ या व्यक्तिनामाचे ‘शिरपा’ असे बोलीरूप होऊ शकते, म्हणून ती शक्यताही नाकारता येत नाही. ‘माळ’ म्हणजे उंचावरची मोकळी जमीन, याविषयी अडचण नाही.

आता हा लेख तीन ठिकाणी जाणार आहे असे धरू. विद्यापीठीय संशोधनपत्रिकेची मर्यादा २२० शब्द, एका त्रैमासिकाची १२० शब्द आणि चर्चासत्राच्या पुस्तिकेची ५० शब्द आहे.

५.३ पहिली पायरी : गाभावाक्य

गोषवारा लिहायला घेण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहावे : या लेखामुळे वाचकाला काय कळले आणि ते किती खात्रीने कळले? आपल्या लेखाचे गाभावाक्य असे होईल :

शिरपामाळ या नावाची सन्मानाशी जोडलेली व्युत्पत्ती शक्य आहे, पण सिद्ध नाही; आणि हे नाव घटनेपेक्षा घटनेच्या स्मृतीविषयी अधिक सांगते.

या वाक्याचे दोन भाग पाहा. ‘काय कळले’ हा भाग लिहिणे कोणालाही सुचते. ‘किती खात्रीने’ हा भाग ‘शक्य आहे, पण सिद्ध नाही’ या शब्दांत आहे आणि तोच पुढे सर्वांत आधी गळतो. म्हणून गाभावाक्य लिहिताना खात्रीचे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. तिन्ही रूपे तयार झाल्यावर ती याच वाक्याशी ताडून पाहायची आहेत.

५.४ दुसरी पायरी : दीर्घ रूप (मर्यादा २२० शब्द)

दीर्घ रूपात सहा कामे व्हावी लागतात : विषयाची ओळख, प्रश्न व पद्धती, भाषिक निष्कर्ष, ऐतिहासिक निष्कर्ष, प्रतिपादन आणि अभ्यासाची मर्यादा.

दीर्घ रूप :

जव्हार शहराजवळील शिरपामाळ या स्थळाचे नाव छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ मधील सुरत स्वारीशी जोडले जाते. महाराज सुरतेकडे जात असता येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हे नाव मिळाले, असे स्थानिक परंपरा सांगते. ही कथा नावाची व्युत्पत्ती म्हणून कितपत टिकते आणि नावाने जपलेली स्मृती कोणत्या स्वरूपाची आहे, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात तपासले आहेत. त्यासाठी परंपरेचे प्रचलित कथन, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांतील संबंधित नोंदी व सतराव्या शतकातील जव्हारविषयीचे प्रकाशित इतिहासलेखन ही सामग्री वापरली असून ध्वनिबदल, अर्थ आणि घटनाक्रम या तीन कसोट्यांवर तिची तुलना केली आहे. ‘शिरपेच’ या शब्दापासून ‘शिरपा’ हे रूप साधताना ‘पे’चा ‘पा’ का झाला, याचा उलगडा होत नाही. ‘शिरपाव’ या शब्दापासून मात्र अंत्य ‘व’ लोपून ते सहज साधते. सन्मानवस्त्र हा ‘शिरपाव’चा अर्थ कथेतील सत्काराच्या प्रसंगाशीही जुळतो. तथापि ‘श्रीपती’ या व्यक्तिनामाचे ‘शिरपा’ हे बोलीरूपही शक्य असल्याने सन्मानवाचक व्युत्पत्ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. घटनाक्रम पाहता, १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार जिंकून घेतले व विक्रमशहांना राज्य सोडावे लागले. नावाभोवतीच्या कथेत भेटीचा प्रसंग उरला, संघर्षाचा उरला नाही. म्हणून हे स्थलनाम घटनेचा पुरावा म्हणून नव्हे, तर संबंधांच्या निवडक स्मृतीची खूण म्हणून वाचावे, असे प्रतिपादन लेखात केले आहे. प्रत्यक्ष मुलाखती आणि जुनी महसुली दप्तरे या अभ्यासाच्या कक्षेत नाहीत; नावाचे सर्वांत जुने लिखित रूप सापडल्यास भाषिक निष्कर्ष बदलू शकतो.

हे २०८ शब्द झाले. मर्यादा २२० ची असली तरी उरलेले बारा शब्द भरलेच पाहिजेत असे नाही. मर्यादा म्हणजे भरायचे पोते नव्हे. सहा कामांना किती शब्द लागले, ते मोजून ठेवू : ओळख ४२, प्रश्न व पद्धती ५३, भाषिक निष्कर्ष ५०, ऐतिहासिक निष्कर्ष २४, प्रतिपादन १९ आणि मर्यादा २०. हा हिशेब पुढच्या पायरीवर उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट पाहावी. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी ‘असे स्थानिक परंपरा सांगते’ हे चार शब्द आहेत. थांबणे, स्वागत आणि शिरपेच या तिन्ही गोष्टींचा भार या चार शब्दांवर आहे. ते काढले तर उरलेले वाक्य व्याकरणाने पूर्ण राहते. म्हणूनच ते धोकादायक आहेत : काढल्यावर काही तुटल्याचे जाणवत नाही, आणि तरीही परंपरेचे रूपांतर घटनेत होऊन जाते.

५.५ तिसरी पायरी : मध्यम रूप (मर्यादा १२० शब्द)

२०८ वरून १२० वर येण्यासाठी जवळजवळ निम्मे शब्द कमी करायचे आहेत. येथे पहिला मोह होतो तो शेवटची दोन वाक्ये कापण्याचा, कारण तेवढ्याने ३९ शब्द वाचतात. पण ती दोन वाक्ये म्हणजे प्रतिपादन आणि मर्यादा. ती गेली तर लेखाने काय म्हटले तेच जाते. म्हणून कापण्याचा क्रम ठरवून घ्यावा.

सर्वांत आधी पार्श्वभूमीचा तपशील कमी करावा. जव्हार परिसराशी परिचित वाचकाला तो ठाऊक असतो आणि इतरांना तो लेखात मिळतोच. त्यानंतर सामग्रीची नावे सोडावीत. ‘मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांतील संबंधित नोंदी’ या सात शब्दांचे काम ‘कोशनोंदी’ हा एक शब्द करतो. त्यानंतर निष्कर्षामागील कारणमीमांसा सोडावी, मात्र निष्कर्ष ठेवावा. खात्री सांगणारे शब्द, प्रतिपादन आणि मर्यादा यांना हात लावायचा झाल्यास सर्वांत शेवटी लावावा, आणि तोही केवळ शब्दरचना आवळण्यापुरता.

मध्यम रूप :

जव्हारजवळील शिरपामाळ या नावाविषयी, १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी जव्हारच्या राजांनी शिवाजी महाराजांना येथे शिरपेच अर्पण केल्याची परंपरा सांगितली जाते. ही परंपरा व्युत्पत्ती म्हणून कितपत टिकते आणि ती कोणती स्मृती जपते, हे कोशनोंदी व प्रकाशित इतिहासलेखन यांच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासले आहे. ध्वनिबदलाच्या दृष्टीने ‘शिरपेच’पेक्षा ‘शिरपाव’ हा शब्द ‘शिरपा’ या रूपाला अधिक जवळचा आहे. मात्र ‘श्रीपती’ या व्यक्तिनामाची शक्यताही उरत असल्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार जिंकले. तरी नावाभोवतीच्या कथेत भेट उरली, संघर्ष उरला नाही. म्हणून हे स्थलनाम घटनेचा पुरावा म्हणून नव्हे, तर निवडक स्मृतीची खूण म्हणून वाचावे, असे लेखात प्रतिपादन केले आहे. मुलाखती व महसुली दप्तरे तपासलेली नसल्याने भाषिक निष्कर्ष तात्पुरता आहे.

हे १०९ शब्द झाले. आता दोन्ही रूपांचा हिशेब शेजारी ठेवू. ओळख ४२ वरून २० वर आली, प्रश्न व पद्धती ५३ वरून २२ वर, भाषिक निष्कर्ष ५० वरून २३ वर, ऐतिहासिक निष्कर्ष २४ वरून १६ वर आणि मर्यादा २० वरून १० वर. प्रतिपादन मात्र १९ वरून केवळ १८ वर आले. सर्व भागांना सारखी कात्री लावलेली नाही, हे यावरून दिसते. जे वाक्य लेखाचा दावा सांगते ते सर्वांत कमी आवळले जाते, कारण त्यातील प्रत्येक शब्द दाव्याची कड धरून असतो. ‘पुरावा म्हणून नव्हे, तर खूण म्हणून’ यातील एक बाजू काढली की दावा एकतर नकारापुरता उरतो किंवा मोघम होतो.

काय गेले, तेही मान्य केले पाहिजे. विक्रमशहांचे नाव, ‘पे’ आणि ‘पा’ यांमधील अडचण, ‘शिरपाव’चा अर्थ आणि जुन्या लिखित रूपाचा उल्लेख गेला. वाचकाला कमी माहिती मिळाली. चुकीची माहिती मिळाली नाही. आकार कमी करताना एवढा तोटा पत्करावाच लागतो.

५.६ चौथी पायरी : लघू रूप (मर्यादा ५० शब्द)

मध्यम रूपापर्यंत आपण दीर्घ रूप आवळत आलो. ५० शब्दांसाठी ही रीत चालत नाही. १०९ शब्दांची आठ वाक्ये आवळून ५० शब्दांत आणू गेल्यास तुटक, अडखळणारा मजकूर तयार होतो. म्हणून लघू रूप वरून कापत न येता खालून, म्हणजे गाभावाक्यापासून, बांधावे. गाभावाक्य मध्ये ठेवावे, त्याच्या आधी वाचकाला विषय कळेल एवढी एक ओळख द्यावी आणि आधारसामग्रीचा उल्लेख निष्कर्षाच्या वाक्यातच गुंफावा.

आधी एक सदोष नमुना पाहू :

शिरपामाळ हे नाव १६६४ मध्ये जव्हारच्या राजांनी शिवाजी महाराजांना शिरपेच अर्पण केल्यावरून पडले. प्रस्तुत लेखात या नावाच्या व्युत्पत्तीचा भाषिक आणि ऐतिहासिक दृष्टीने सखोल अभ्यास केला असून महत्त्वाचे निष्कर्ष मांडले आहेत.

हा नमुना ३० शब्दांचा, म्हणजे मर्यादेच्या बराच आत आहे. भाषाही शुद्ध आहे. तरी तो लेखाच्या विरोधात जातो. पहिल्या वाक्यातून ‘परंपरा’ हा शब्द गळला आणि परंपरा ही घटना झाली. त्याहून वाईट म्हणजे, ज्या ‘शिरपेच’ व्युत्पत्तीविषयी लेखाने शंका घेतली, तीच येथे लेखाचे मत म्हणून छापली जाईल. दुसऱ्या वाक्यात निष्कर्ष आहेत असे सांगितले आहे, पण ते कोणते हे सांगितलेले नाही. ‘सखोल’ आणि ‘महत्त्वाचे’ या विशेषणांनी जागा अडवली, मजकूर दिला नाही.

आता निर्दोष रूप पाहू.

लघू रूप :

जव्हारजवळील शिरपामाळ हे नाव १६६४ मधील शिवाजी महाराजांच्या सत्कारावरून पडले, अशी परंपरा आहे. कोशनोंदी व प्रकाशित इतिहासलेखन पाहता ‘शिरपाव’पासूनची व्युत्पत्ती संभाव्य असली तरी सिद्ध नाही. १६७२ मधील जव्हारचा पाडाव कथेत नसल्याने, हे नाव घटनेचा पुरावा नव्हे, तर निवडक स्मृतीची खूण ठरते, असे लेखात प्रतिपादन आहे.

हे ४५ शब्द झाले. अभ्यासाच्या मर्यादेला येथे स्वतंत्र वाक्य नाही. परंतु ‘प्रकाशित’ या एका शब्दाने मुलाखती आणि अप्रकाशित दप्तरे पाहिलेली नाहीत, हे सूचित केले आहे, आणि ‘संभाव्य असली तरी सिद्ध नाही’ या शब्दांनी निष्कर्षाचे वजन राखले आहे. ‘अशी परंपरा आहे’ या तीन शब्दांना जागा देण्यासाठी ‘शिरपेच अर्पण केल्याचा’ तपशील सोडून ‘सत्कार’ हा व्यापक शब्द घेतला. तपशील आणि खात्रीचे शब्द यांपैकी एकच मावत असेल, तर तपशील सोडावा.

लघू रूपाला सर्वाधिक जपावे लागते याचे कारण व्यावहारिक आहे. लेख फार थोडे लोक वाचतात. चर्चासत्राची पुस्तिका किंवा सूची मात्र अनेकांच्या हाती पडते आणि तेथे लघू रूपच असते. शिरपामाळची माहिती शोधणारा शिक्षक, स्थानिक माहितीपत्रक तयार करणारा कार्यकर्ता किंवा पुढचा संशोधक तेवढाच मजकूर उचलतो. सदोष नमुन्यातील पहिले वाक्य एकदा छापले गेले, की ‘संशोधनाने सिद्ध झालेली’ गोष्ट म्हणून ते पुढे फिरत राहते आणि मूळ लेखातील शंका कोणापर्यंतही पोहोचत नाही.

५.७ पाचवी पायरी : तिन्ही रूपांची ताडणी

तिन्ही रूपे एकाच कागदावर एकाखाली एक ठेवावीत आणि प्रत्येक दाव्याचे क्रियापद अधोरेखित करावे. मराठीत खात्रीची चढती पायरी साधारणपणे अशी असते : ‘परंपरा सांगते’, ‘संभवते’, ‘दिसते’, ‘सिद्ध होते’. एकच दावा दीर्घ रूपात खालच्या पायरीवर आणि लघू रूपात वरच्या पायरीवर आढळला, तर चूक झाली आहे. आपल्या उदाहरणात सत्काराची गोष्ट तिन्ही ठिकाणी ‘परंपरा’ या पायरीवर आहे आणि व्युत्पत्ती तिन्ही ठिकाणी ‘सिद्ध नाही’ या पायरीवर आहे.

या ताडणीत आपल्यालाही एक बारीक गोष्ट सापडेल. दीर्घ आणि मध्यम रूपांत ‘खूण म्हणून वाचावे’ असे आहे, तर लघू रूपात ‘खूण ठरते’ असे आहे. ‘वाचावे’ ही लेखकाची सूचना आहे. ‘ठरते’ हा निर्णय आहे. पुढे ‘असे लेखात प्रतिपादन आहे’ असे असल्यामुळे दोष सौम्य होतो, तरी पायरी एक घर वर सरकली आहेच. पाच शब्द शिल्लक असल्याने ‘खूण म्हणून वाचावे’ अशी दुरुस्ती करता येते. शब्दसंख्या केवळ एकाने वाढून ४६ होते. आपले अंतिम लघू रूप ते समजावे.

दुसरी ताडणी उलट दिशेने करावी. लघू रूपात असलेली प्रत्येक गोष्ट दीर्घ रूपात आणि मूळ लेखात सापडली पाहिजे. आकर्षक करण्याच्या नादात लघू रूपात एखादा नवा दावा शिरला असेल, तर तो येथे उघडा पडतो.

५.८ मोजणीतील अडचणी

संगणकातील लेखनप्रणाली दोन मोकळ्या जागांमधील मजकुराला एक शब्द मानते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘जव्हारच्या राजाने’ हे मराठीत दोन शब्द आहेत. हाच आशय इंग्रजीत ‘बाय द किंग ऑफ जव्हार’ असा पाच शब्दांचा होतो. अनेक मराठी नियतकालिके इंग्रजी गोषवाराही मागतात. मराठीतील १०९ शब्दांचे भाषांतर १२० शब्दांत बसेल असे गृहीत धरू नये. इंग्रजी रूप गाभावाक्यापासून स्वतंत्रपणे बांधावे.

जोडून लिहायचे शब्द तोडून लिहिल्यास संख्या विनाकारण वाढते. ‘व्यक्तिनाम’ हा एक शब्द आहे. ‘व्यक्ती नाम’ असे लिहिले तर शुद्धलेखनही बिघडते आणि एक शब्दही वाढतो. उलट, संख्या कमी दिसावी म्हणून सुटे शब्द जोडणे किंवा तिरकी रेघ घालून ते एकत्र बांधणे हेही योग्य नाही. संपादकाच्या नजरेला ते लगेच येते.

मर्यादा चिन्हांत दिलेली असेल, तर अधिक सावध राहावे. आपल्या दृष्टीने ‘शिरपामाळ’ हा शब्द पाच अक्षरांचा आहे : शि, र, पा, मा, ळ. संगणक मात्र मात्रा आणि वेलांट्या स्वतंत्र धरतो, त्यामुळे त्याच्या हिशेबी या शब्दात आठ चिन्हे असतात. ‘क्ष’ हे आपले एक अक्षर संगणकाला तीन चिन्हांचे असते. म्हणून चिन्हे बोटांवर न मोजता संगणकावरच मोजावीत आणि मोकळ्या जागा धरल्या आहेत की नाहीत, हे नियतकालिकाच्या सूचनेत पाहून घ्यावे.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) पुढील मजकूर ४६ शब्दांचा आहे. दाव्याचे वजन न बदलता तो २० शब्दांच्या आत आणा.

जव्हार संस्थानाच्या मुकणे राजघराण्याच्या स्थापनेविषयी, बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढी जमीन मागून ते कातडे पट्ट्यांत कापून मोठा प्रदेश मिळवल्याची आख्यायिका ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेली असून अशाच आशयाची कथा कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयीही सांगितली जाते. त्यामुळे ती प्रत्यक्ष घटनेची नोंद असण्याऐवजी फिरती कथा असण्याची शक्यता अधिक दिसते.

आ) ‘मुकणे घराण्याच्या स्थापनेची आख्यायिका कार्थेजच्या कथेवरून घेतलेली आहे’ हे संक्षिप्त रूप का चालणार नाही?

इ) लघू रूप मध्यम रूपातून कापून न काढता गाभावाक्यापासून का बांधावे?

५.१० उत्तरे

अ) एक संभाव्य उत्तर, १८ शब्दांचे : मुकणे घराण्याच्या स्थापनेची बैलाच्या कातड्याची आख्यायिका कार्थेजच्या कथेशी जुळते; त्यामुळे ती घटनेऐवजी फिरती कथा असण्याची शक्यता अधिक दिसते.

आ) मूळ मजकुरात दोन कथा सारख्या आहेत एवढेच म्हटले आहे, एक दुसरीवरून घेतली असे म्हटलेले नाही. शिवाय ‘शक्यता अधिक दिसते’ हे शब्द गळून ‘आहे’ हे ठाम क्रियापद आले. दावा बदलला आणि त्याची खात्रीही वाढली.

इ) मर्यादा फार लहान असेल तेव्हा कापून काढलेल्या वाक्यांत परस्परसंबंध उरत नाही आणि काढल्यावर व्याकरण बिघडत नाही असे खात्रीचे शब्द आधी जातात. गाभावाक्यात हे शब्द मुळातच असल्याने तेथून बांधलेल्या रूपात ते टिकतात.

५.११ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाच्या, पाड्याच्या किंवा एखाद्या शेताच्या नावाविषयी सांगितली जाणारी कथा दोन ज्येष्ठ व्यक्तींकडून ऐकून लिहून घ्या. त्या नावातील शब्द कोशात पाहा. कथेविषयी आपणांस काय म्हणता येते आणि किती खात्रीने म्हणता येते, हे एका गाभावाक्यात लिहा. त्यानंतर २०० आणि ५० शब्दांचे दोन गोषवारे तयार करून दोहोंतील क्रियापदे अधोरेखित करा आणि पुढील संपर्कसत्राला तिन्ही कागद सोबत आणा.